खटल्याआधीच पुसलेले ईमेल

कंपनीवर खटला होऊ शकतो असे दिसू लागले की तिच्या वकिलाने कर्मचाऱ्यांना लेखी कळवायचे असते: या विषयाशी संबंधित ईमेल, फायली, फोन, लॅपटॉप यांतले काहीही पुसू नका. अमेरिकेत याला ‘लिटिगेशन होल्ड’ म्हणतात. कोर्टाचे समन्स येईपर्यंत थांबायची मुभा नसते. मग घड्याळ नेमके कधी सुरू होते? लॉरा झुबुलाके यांच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी याचे उत्तर दिले.

झुबुलाके यूबीएस या बँकेत शेअर विक्रीच्या कामावर होत्या. स्त्री असल्यामुळे आपल्याला डावलले जाते, अशी तक्रार त्यांनी ऑगस्ट 2001 मध्ये सरकारी आयोगाकडे केली. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोकरीवरून काढले. फेब्रुवारी 2002 मध्ये त्यांनी दावा लावला. पण कागद जपण्याची जबाबदारी एप्रिल 2001 पासूनच होती, असे कोर्टाने ठरवले. कारण झुबुलाके यांच्याविषयीच्या काही ईमेलवर सहकाऱ्यांनी ‘वकील-अशील गोपनीय’ असा शिक्का मारला होता, आणि त्या पत्रव्यवहारात वकील कुठेच नव्हता. खटला होईल हे त्यांना कळून चुकले होते, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

बँकेच्या वकिलांनी सूचना दिलीच नाही, असे नाही. ऑगस्ट 2001 मध्येच त्यांनी ती तोंडी दिली होती. तरीही काही कर्मचाऱ्यांनी ईमेल पुसले. शिवाय बँकेच्या सगळ्या ईमेलची नक्कल बॅकअप टेपवर होत असे. रोजची टेप 20 कामाचे दिवस, आठवड्याची वर्षभर आणि महिन्याची तीन वर्षे ठेवायची असा नियम होता. मुदत संपली की त्याच टेपवर नवी नक्कल. हे चक्र थांबवायला हवे होते. पण टेपांचा विषय वकिलांनी वर्षभर काढलाच नाही. मुदत संपायच्या आधीच काही टेपा नाहीशा झालेल्या आढळल्या.

मला सर्वांत गंभीर वाटते ती आणखी एक चूक. एका कर्मचारिणीने या प्रकरणाची वेगळी फाइल ठेवली होती, पण ती कोणी तिच्याकडे मागितलीच नाही. म्हणून 2004 च्या निकालात न्यायाधीशांनी स्पष्ट केले की नोटीस पाठवून वकिलाचे काम संपत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या माणसाशी त्याने स्वतः बोलावे, त्याची कागदपत्रे कुठे आहेत ते विचारावे, सूचनेची वेळोवेळी आठवण द्यावी आणि गरजेच्या टेपा बाजूला काढून ठेवाव्यात.

पुसलेले ईमेल बँकेच्या विरोधातच गेले असते असे मानायला हरकत नाही, असे ज्युरीला सांगण्याचा आदेश झाला. 2015 पासून अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत नियम सौम्य झाला आहे. नुसत्या निष्काळजीपणासाठी असा आदेश आता देता येत नाही, पुरावा नष्ट करण्याचा हेतू दिसावा लागतो. झुबुलाके खटल्यात मात्र एप्रिल 2005 मध्ये ज्युरीने बँकेला सुमारे 2 कोटी 90 लाख डॉलर द्यायला सांगितले.