स्मृतिभ्रंशग्रस्त माता-पित्यांच्या मालमत्तेचे कायदेशीर पालकत्व : उपलब्ध मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

मराठीत 'पालक' या शब्दाने सामान्यतः आई-वडिलांचा बोध होतो. मात्र डिमेन्शिया म्हणजेच स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या बाबतीत ही नात्याची दिशा उलटते आणि अपत्यालाच आईचा वा वडिलांचा कायदेशीर पालक होण्याची वेळ येते. घरातील देखभालीसाठी त्याला कोणाच्या आदेशाची गरज नसते. परंतु आईच्या एकटीच्या नावावरील मुदत ठेव मोडायची असेल किंवा तिच्या सदनिकेचा व्यवहार करायचा असेल, तर रक्ताचे नाते अपुरे पडते. सज्ञान व्यक्तीच्या मालमत्तेवर तिच्या हयातीत मुलांना आपोआप कोणताही अधिकार मिळत नाही, हे या विषयाचे मूळ सूत्र आहे. महाराष्ट्रातील अशा कुटुंबांपुढे आज कोणता मार्ग उरतो आणि न्यायालय त्याला कोणत्या मर्यादा घालते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे केला आहे. उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील अडचणी नेहमीच्या आहेत.

उदाहरणाचे स्वरूप

सातारा येथे राहणाऱ्या ७६ वर्षांच्या एका विधवा निवृत्त मुख्याध्यापिकेची कल्पना करू. निवृत्तिवेतन दरमहा ३०,००० रुपये, मुदत ठेवी १४ लाख रुपये, राहती सदनिका आणि गावाकडील दोन एकर शेती, असे सर्व काही त्यांच्या एकटीच्या नावावर आहे. मुलगा पुण्यास व मुलगी नागपुरास असते. २०२१ मध्ये बाईंनी मुलाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून दिले. त्यानंतर अल्झायमरचे निदान झाले. आता त्या मुलांना ओळखत नाहीत आणि सहीही करू शकत नाहीत. दोन पाळ्यांतील सेविकांचे ३२,००० रुपये, औषधांचे ६,००० रुपये व घरखर्चाचे १०,००० रुपये मिळून महिन्याला ४८,००० रुपये लागतात. मुलगा मुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेला. तेथे आईंना घेऊन या, असे सांगण्यात आले. आईंची अवस्था कळल्यावर अधिकाऱ्यांनी न्यायालयाचा आदेश मागितला.

मुखत्यारपत्र का चालत नाही?

बँकेची ही भूमिका आडमुठेपणाची वाटली तरी तिला कायद्याचा आधार आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यार नेमणारी व्यक्ती विकल मनाची झाली की मुखत्यारी संपुष्टात येते. पत्र नोंदणीकृत असणे किंवा त्यात 'कायमस्वरूपी' असा शब्द असणे याने यात फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने निर्णयक्षमता गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र मान्य केले आहे, तशी सर्वसाधारण तरतूद आपल्या कायद्यात नाही. परिणामी ज्या दिवसासाठी हे पत्र करून ठेवलेले असते, नेमक्या त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते.

नामनिर्देशनाबाबतही असाच गैरसमज आढळतो. ठेवीवर नॉमिनी म्हणून मुलीचे नाव असले, तरी त्याचा परिणाम ठेवीदाराच्या मृत्यूनंतर होतो. हयातीत त्यातून कोणताही अधिकार निर्माण होत नाही. थकलेल्या खातेदाराच्या अंगठ्याचा ठसा साक्षीदारांसमक्ष घेण्याची बँकांत सोय असते. ती हात चालत नसलेल्या, पण व्यवहार समजणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. ज्यांना व्यवहारच उमजत नाही, त्यांचा ठसा घेणे म्हणजे संमतीचा केवळ देखावा होय.

विधिविषयक पोकळी

मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ मध्ये या प्रश्नाचे उत्तर होते. मानसिक आजारामुळे स्वतःची मालमत्ता सांभाळू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी नातेवाईक जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकत. चौकशीअंती न्यायालय व्यक्तीसाठी पालक आणि मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमत असे. हा कायदा रद्द करून त्याच्या जागी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ आला आणि तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने तो पुढचे पाऊल आहे. मात्र मालमत्तेच्या व्यवस्थापनाचे जुने प्रकरण त्यात नाही. कलम १४ मधील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांविषयीच्या निर्णयांत साहाय्य करतो. बँक खाते चालविण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

अन्य कायदेही येथे पुरेसे पडत नाहीत. पालक व पाल्य अधिनियम, १८९० अज्ञान मुलांपुरता आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांच्याशी संबंधित आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये 'मर्यादित पालकत्व' आहे. त्याची कल्पना अशी की, पालक व दिव्यांग व्यक्ती यांनी परस्परविश्वासाने, ठरावीक काळासाठी व ठरावीक निर्णयापुरते मिळून ठरवावे आणि त्या व्यक्तीची इच्छा प्रमाण मानावी. आजाराच्या आरंभी ही रचना उपयोगी ठरू शकते. परंतु ज्या व्यक्तीला आपले नावही आठवत नाही, तिच्याशी विचारविनिमय करून ठेव कशी मोडावी, हा प्रश्न तिथे अनुत्तरित राहतो.

उच्च न्यायालयाचा मार्ग

या पोकळीत उच्च न्यायालये संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील अधिकार वापरतात. स्वतःचे हित पाहू न शकणाऱ्या नागरिकाचे राज्यानेच पालक व्हावे, या तत्त्वावर हा अधिकार उभा आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातील रुग्णांसंदर्भात पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमातील पतीसाठी पत्नीची पालक म्हणून नियुक्ती केली. पुढे स्मृतिभ्रंशग्रस्त माता-पित्यांसाठीही अशा नियुक्त्या झाल्या आहेत. आपल्या उदाहरणातील कुटुंब साताऱ्याचे आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाच्या कार्यक्षेत्रात सातारा जिल्हा येतो. त्यामुळे तेथे याचिका दाखल करण्याची सोय झाली आहे.

याचिकेत प्रामुख्याने तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली गोष्ट वैद्यकीय. प्रमाणपत्रावर केवळ 'अल्झायमर' असे लिहिलेले असणे पुरेसे नाही, कारण आजाराच्या आरंभी रुग्ण बरेच व्यवहार समजून करू शकतो. तीस गुणांच्या स्मरण-चाचणीतील गुणही एकटे निर्णायक नसतात. त्यांवर शिक्षणाचा व श्रवणशक्तीचा परिणाम होतो. आपल्याकडे काय आहे, समोरचा व्यवहार काय आहे आणि त्याचा परिणाम काय होईल, हे रुग्णाला समजते की नाही, यावर मेंदूविकारतज्ज्ञाने वा मनोविकारतज्ज्ञाने स्पष्ट मत देणे आवश्यक असते. न्यायालय बहुधा शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाकडून पुन्हा तपासणी करून घेते.

दुसरी गोष्ट वारसांची. सर्व संभाव्य वारसांची नावे देऊन त्यांची संमतीची शपथपत्रे जोडावी लागतात. नागपूरच्या बहिणीला न कळवता केलेली याचिका पुढे याच मुद्द्यावर अडचणीत येते. बहिणीचा आक्षेप असल्यास तो लपवू नये. मालमत्तेविषयी गंभीर वाद असेल, तर साक्षीपुराव्यासाठी पक्षकारांना दिवाणी न्यायालयाकडे पाठविले जाण्याची शक्यता असते.

तिसरी गोष्ट मालमत्तेच्या संपूर्ण यादीची. खाते क्रमांक, ठेवींच्या मुदती, सदनिकेचे भागपत्र, शेतीचा सातबारा आणि कर्ज असल्यास तेही, असे सर्व तपशील शपथेवर द्यावे लागतात.

अधिकार किती मागावा?

आता मुलाच्या याचिकेचा मसुदा पाहू. पहिल्या मसुद्यात त्याने सर्व स्थावर-जंगम मालमत्ता विकण्याचा अधिकार मागितला होता. वकिलांनी त्याला खर्चाचा हिशेब मांडावयास सांगितला. दरमहा ४८,००० रुपये खर्चातून निवृत्तिवेतनाचे ३०,००० वजा केले तर १८,००० रुपयांची, म्हणजे वर्षाला २,१६,००० रुपयांची तूट येते. १४ लाखांवर ७ टक्के दराने ९८,००० रुपये व्याज मिळते. म्हणजे पहिल्या वर्षी मुद्दलातून १,१८,००० रुपयेच काढावे लागतील. खर्च व व्याजदर तेच राहिले, तर ठेवी सुमारे नऊ वर्षे पुरतात; खर्च वाढत गेला तरी काही वर्षे सदनिकेला हात लावण्याचे कारण नाही. शिवाय बाई त्याच सदनिकेत राहतात.

या हिशेबानंतर मागणी बदलली. निवृत्तिवेतनाचे खाते चालविणे, गरजेपुरत्या ठेवी मोडणे आणि शेतीचा खंड स्वीकारणे एवढाच अधिकार मागण्यात आला. विक्रीची वेळ आलीच तर न्यायालयाची स्वतंत्र परवानगी घ्यावी, असे नमूद झाले. असा मसुदा मान्य होण्याची शक्यता अधिक असते, कारण न्यायालय मुलाची सोय पाहत नाही. आईच्या गरजेइतकाच अधिकार ते देते. आदेशासोबत ठरावीक मुदतीने हिशेब सादर करण्याची अट घातली जाते आणि त्यावर देखरेखीची व्यवस्थाही केली जाते. गैरवापर आढळल्यास नियुक्ती रद्द होऊ शकते. पालक हा मालक नव्हे. आईच्या पैशातून दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती त्याने ठेवली पाहिजे.

व्यवहारातील चुका

न्यायालयाचा मार्ग खर्चिक वाटल्याने अनेक घरांत आईचे एटीएम कार्ड व पासवर्ड वापरून काम भागविले जाते. पैसा आईसाठीच खर्च झाला तरी पुढे भावंडांनी हिशेब मागितल्यास त्याचा अधिकार काय होता, याचे उत्तर देता येत नाही. याहून गंभीर चूक म्हणजे आजार बळावल्यानंतर करून घेतलेले बक्षीसपत्र. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला म्हणजे लिहून देणाऱ्याचे मन सक्षम होते, असे सिद्ध होत नाही. करार अधिनियमाच्या कलम १२ मधील कसोटी अशी की, व्यवहार करताना तो समजण्याची व स्वतःच्या हिताचा विवेक करण्याची क्षमता त्या व्यक्तीत असली पाहिजे. त्याच महिन्यातील वैद्यकीय कागद याविरुद्ध गेला, तर तो दस्त टिकणे कठीण होते.

निष्कर्ष

स्मृतिभ्रंशात कायदेशीर क्षमता एका दिवसात जात नाही. निदान झाल्यावरही काही महिने वा वर्षे व्यक्तीला व्यवहार समजतो आणि स्वस्त, सोपे उपाय तेवढ्याच काळात शक्य असतात. त्या काळात खाते 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला' या पद्धतीने संयुक्त करता येते. ठेव मुदतीपूर्वी मोडताना मात्र दोघांच्या सह्या मागितल्या जाऊ शकतात. म्हणून त्याविषयीची सूचना बँकेत आधीच लेखी देऊन ठेवावी. मालमत्ता मोठी असल्यास भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खासगी न्यास करता येतो. मुखत्यारी संपली तरी न्यास टिकतो. उदाहरणातील बाईंनी २०२१ मध्ये मुखत्यारपत्राऐवजी यांपैकी एक उपाय केला असता, तर बँकेच्या खर्चापुरती तरी याचिका टळू शकली असती. जिल्हा न्यायालयातील जुना मार्ग २०१८ मध्ये बंद झाला. त्याच्या जागी जिल्हा पातळीवर स्पष्ट तरतूद होईपर्यंत साताऱ्यातील एका मुदत ठेवीचा प्रश्नही उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागणार आहे.