दोरी आहे की नाही? : दोन शेअरांच्या नात्याची तपासणी

दोन शेअरांचे भाव वर्षभर बरोबरीने चढले-उतरले, म्हणजे ते एकमेकांना बांधलेले असतातच असे नाही. मायकेल मरे यांनी १९९४ साली एका लेखात हा भेद दारूच्या नशेतील बाई आणि तिचा कुत्रा यांच्या रूपकातून समजावला होता. दोघेही भरकटत चालतात; पुढचे पाऊल कुठे पडेल ते सांगता येत नाही. पण कुत्रा तिचाच असेल, तर दोघांमधले अंतर फार वाढत नाही. हे बांधलेपण म्हणजे कोइंटिग्रेशन. त्याची चाचणी एंगल आणि ग्रेंजर यांनी १९८७ साली मांडली.

जोडीचा व्यवहार या बांधलेपणावर उभा असतो. अंतर नेहमीपेक्षा वाढले की महागलेला शेअर विकायचा, स्वस्त राहिलेला घ्यायचा आणि अंतर मिटण्याची वाट पाहायची. बांधलेपणच नसेल, तर वाट पाहण्याला अर्थ उरत नाही.

चाचणीची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक भाव स्वतंत्रपणे भरकटणारा आहे ना, हे पाहणे. मग पहिल्या शेअरच्या भावाशी दुसऱ्याचे किती पट प्रमाण सर्वांत चांगले जुळते, ते काढायचे. या प्रमाणाने हिशेब करून उरतो तो फरक. हा फरक सरासरीकडे परततो का, हा खरा प्रश्न. त्यासाठी डिकी-फुलर चाचणी वापरतात. एरवी तिची पाच टक्क्यांची मर्यादा सुमारे उणे २.८६ असते; इथे मात्र उणे ३.३४ च्या खाली जावे लागते. कारण सोपे आहे : प्रमाण आपणच फरक लहानात लहान राहील असे निवडलेले असते, त्यामुळे तो फरक मुळातच शहाण्यासारखा वागताना दिसतो.

दुसरी सावधगिरी संख्येची. पन्नास शेअरांतून १,२२५ जोड्या होतात. एकीतही नाते नसले, तरी पाच टक्क्यांच्या कसोटीतून साठेक जोड्या योगायोगाने उत्तीर्ण होऊ शकतात. म्हणून मी जोडी शोधताना शेवटच्या वर्षाचे भाव बाजूला ठेवतो, आणि जुने प्रमाण तसेच ठेवून त्या वर्षात फरक परततो का ते पाहतो. इथे प्रमाण आधीच ठरलेले असल्याने उणे २.८६ ची मर्यादा चालते.

पुढे नाते सरकू लागते, तेव्हा फसगत होते ती प्रमाण रोज नव्याने काढण्यात. समजा, प्रमाण १.६० होते, दुसरा शेअर १,५०० रुपयांवर आणि पहिला २,३०० वर. हिशेबाने पहिला २,४०० ला हवा, म्हणून आपण तो घेतला आणि दुसरा त्या प्रमाणात विकला. पुढे दुसरा तिथेच राहिला, पहिला २,२५० ला उतरला आणि नव्या भावांवरून प्रमाण १.५० निघाले. पडद्यावर फरक शून्य दिसतो, खिशातून मात्र प्रत्येक शेअरमागे ५० रुपये गेलेले असतात. इथे भाव सरासरीकडे आला नाही, सरासरीच भावाकडे गेली. म्हणून उघड्या व्यवहाराचा फरक ज्या प्रमाणाने तो केला त्याच प्रमाणाने मोजावा.

त्याला मुदतही असावी. आजच्या फरकातला ९५ टक्के भाग उद्या उरत असेल, तर तो निम्मा व्हायला सरासरी साडेतेरा दिवस लागतात. तसे दोन-तीन अवधी उलटूनही फरक घटला नाही, तर मी चाचणीपेक्षा कारणाकडे पाहतो.

कारण बदलते तेव्हा काय होते, हे मुंबईच्या बाजारात एचडीएफसी आणि एचडीएफसी बँक या जोडीने दाखवले. एचडीएफसी ही बँकेची प्रवर्तक आणि मोठी भागधारक. नात्याला पाया होता. ४ एप्रिल २०२२ रोजी विलीनीकरण जाहीर झाले : एचडीएफसीच्या २५ शेअरांमागे बँकेचे ४२. म्हणजे प्रमाण १.६८, आता आकडेशास्त्रातून आलेले नव्हे, तर कराराने ठरलेले. यापुढे उरलेला फरक सांगत होता तो विलीनीकरणाला लागणारा वेळ, मधला लाभांश आणि ते फिसकटण्याची शक्यता. तो जुन्या सरासरीकडे नव्हे, शून्याकडे जाणारा होता.

अशा वेळी अडीचशे दिवसांची सरकती खिडकी घेऊन चाचणी करणाऱ्याकडे महिन्यानंतरही सुमारे २३० दिवस जुन्या नात्याचेच असतात. चाचणीला बदल कळायला कित्येक महिने लागतात. तो कळवणारी घोषणा मात्र त्याच दिवशी सर्वांसमोर असते. १ जुलै २०२३ रोजी विलीनीकरण अमलात आले, त्याच महिन्यात एचडीएफसीचा शेअर बाजारातून गेला आणि ही जोडी संपली. दोरी आहे का, हे चाचणी सांगते. ती कुणी आणि कशाने बांधली आहे, हे कंपन्यांची कागदपत्रे वाचूनच कळते.