ताळेबंदातला अध्याहृत उद्या

बँकेत असताना एका ओतकाम कारखान्याचा ताळेबंद माझ्या टेबलावर आला होता. वर्ष २०१८-१९. छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. आकडे सोयीसाठी ढोबळ करून सांगतो. यंत्रे ४० लाखांची, अर्धवट तयार माल आणि साचे ९ लाखांचे, गिऱ्हाइकांकडून येणे २० लाख, आगाऊ भरलेला विमा १ लाख. एकूण ७० लाख. दुसऱ्या बाजूला बँकेचे मुदत कर्ज २५ लाख, खेळत्या भांडवलाचे कर्ज १५ लाख, माल पुरवणाऱ्यांचे देणे १२ लाख. उरलेले १८ लाख मालकांचे. कागदावर सगळे ठीकठाक होते.

पण त्याच उन्हाळ्यात त्यांच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डरी थांबवल्या होत्या. कारखाना बंद पडला तर त्या ७० लाखांचे काय होईल, याचा मी कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडला.

यंत्रे ६० लाखांना घेतलेली. दर वर्षी थोडा थोडा घसारा वजा करून ४० लाख उरले होते. ही त्यांची बाजारातली किंमत नव्हे. यंत्र अजून काही वर्षे चालेल, म्हणून त्याचा खर्च त्या वर्षांवर वाटायचा राहिला आहे, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. उद्या भट्टीच विझणार असेल तर वाटायला वर्षे कुठली? घाईच्या विक्रीत १४ लाख आले असते. साचे त्याच गिऱ्हाइकाच्या नमुन्याचे, म्हणजे भंगार, २ लाख. कारखाना मिटतोय म्हटले की देणेकऱ्यांनाही मालात खोट दिसू लागते, म्हणून २० लाखांच्या येण्यातले १४. विम्याचे शून्य. बेरीज ३० लाख. आणि देणे मात्र वाढते, कारण कामगारांना निरोप देताना द्यायची भरपाई आज वहीत नाही. ती ५ लाख धरली तर देणे ५७ लाख. मालकांचे १८ लाख जाऊन वर २७ लाखांचा खड्डा!

कुणी खोटे लिहिले नव्हते. फरक पडला तो एका गृहीतकाने. धंदा नजीकच्या काळात चालूच राहणार, हे ताळेबंद मांडताना धरूनच चालायचे असते. हिशेबाच्या भाषेत याला ‘गोइंग कन्सर्न’ म्हणतात. ते धरले असेल तर वेगळे सांगावे लागत नाही. सोडून दिले असेल तर सांगावेच लागते.

गंमत अशी, की शंका आली म्हणून लगेच आकडे बदलत नाहीत. बंद करायचे ठरले किंवा दुसरा मार्गच उरला नाही, तरच माझ्या त्या पाठीमागच्या हिशेबासारखी मांडणी येते. मधल्या अवस्थेत, म्हणजे तगेल की नाही याची गंभीर शंका असते तेव्हा, आकडे तेच राहतात आणि बदलते ती फक्त टीप. संचालकांनी किमान बारा महिन्यांचा विचार करून अडचण काय आणि उपाय काय हे लिहायचे. लेखापरीक्षकाने आपल्या अहवालात त्याकडे वेगळ्या मथळ्याखाली बोट दाखवायचे. टीप पुरेशी असेल तर तो हिशेबाला खोटे म्हणत नाही. ती टाळली, तर मात्र त्याला आपले मत राखून ठेवावे लागते किंवा विरोधी द्यावे लागते.

कारखान्याचे मालक माझ्यापुढे बसून म्हणाले, “साहेब, ती टीप लिहिली की उधारी बंद होईल. आज जो कारखाना कदाचित वाचेल, तो टिपेनेच मरेल.” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण त्याच ताळेबंदाच्या भरवशावर एक कच्च्या लोखंडाचा व्यापारी त्यांना दोन महिन्यांची उधारी देत होता. त्याला मालकांचे १८ लाख दिसत होते. भट्टीतला विझता निखारा दिसत नव्हता.

त्यांच्या लेखापरीक्षकाने टीप लिहायला लावली. व्यापाऱ्याने उधारी तोडली नाही, निम्मे पैसे रोख मागितले. आम्ही हप्ते लांबवले. कारखाना आणखी दीड वर्ष रडतखडत चालला आणि मग बंद झाला. व्यापाऱ्याचे पैसे बुडालेच, पण निम्मेच.

शेअर घेताना किंवा एखाद्या कंपनीत ठेव ठेवताना आपण नफ्याचा आकडा पाहतो आणि पाने मिटतो. जरा मागे जावे. सलग तोटा, वर्षभरात फेडायचे मोठे कर्ज, एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा, थकलेला प्रॉव्हिडंट फंड ही लक्षणे तिथे सापडतात. आणि लेखापरीक्षकाच्या अहवालात ‘गोइंग कन्सर्न’विषयी वेगळा मथळा दिसला, तर संचालकांची टीप पूर्ण वाचावी. उपाय म्हणून काय लिहिले आहे? जागा विकण्याचा करार झाला आहे, की नुसती ‘बोलणी चालू आहेत’? माझ्या अनुभवात कारखान्याचे आयुष्य त्या एका वाक्यावरून कळत असे. त्या कारखान्याच्या टिपेत बोलणीच चालू होती.