जांभळा थेंब कुठे थांबतो?

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये तोंडी परीक्षेला एक प्रश्न ठरलेला असतो: "परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये दर्शक का घालत नाहीत?" उत्तरही ठरलेलं असतं, "कारण ते स्वतःच दर्शक आहे." उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. पण हा पदार्थ मोजमाप संपल्याची खूण जितकी चोख देतो, तितकाच स्वतःच्या ताकदीबद्दल बेभरवशाचा आहे, ही अर्धी बाजू त्यात राहून जाते.

आधी रंगाचं बघू. परमँगनेटमधल्या मँगनीजने आपले बाहेरचे सातही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनशी बंध जोडण्यात गुंतवलेले असतात. प्रकाश पडला की ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे झेपावतो आणि त्यासाठी हिरवा प्रकाश जोरात शोषला जातो. म्हणून द्रावण गडद जांभळं दिसतं. आम्लात लोहाशी गाठ पडली की मात्र प्रत्येक परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन ओढून घेतो:

MnO₄⁻ + 5Fe²⁺ + 8H⁺ → Mn²⁺ + 5Fe³⁺ + 4H₂O

उरतो तो Mn²⁺. त्यात पाच इलेक्ट्रॉन पाच वेगवेगळ्या जागी एकेकटे, एकाच दिशेने फिरकी धरून बसलेले असतात. त्यांना हलवणं प्रकाशाला फार जड जातं, म्हणून पातळ द्रावणात तो जवळपास रंगहीन दिसतो. गडद रंगाचा पदार्थ जाऊन रंग नसलेला पदार्थ येतो, म्हणून चंचुपात्रात लोह शिल्लक असेतो पडणारा प्रत्येक थेंब विरून जातो. लोह संपलं की पुढच्या थेंबाला विरवणारं कोणी उरत नाही.

हा जादा थेंब दिसतो किती? नेहमीचं द्रावण ०.०२ मोलार असतं आणि ब्यूरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. तो १०० मिलिलिटर पाण्यात पडला तर दोन हजार पट पातळ होतो, तरी पांढऱ्या टाइलवर फिकी गुलाबी झाक स्पष्ट कळते. झाक अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. नंतर ती फिकी झाली तर घाबरू नये. जादा परमँगनेट तिथल्याच Mn²⁺ शी सावकाश भिडून नाहीसा होत असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्गेरित यांनी १८४६ मध्ये लोह मोजण्यासाठी ही रीत मांडली, ती याच सोयीवर उभी आहे.

आता दुसरी बाजू. नेमकं वजन करून, नेमक्या पाण्यात विरघळवून परमँगनेटचं अचूक द्रावण करता येत नाही. बाटलीतल्या स्फटिकांत मँगनीज डायऑक्साइडचा अंश असतोच. शिवाय ऊर्ध्वपातित पाण्यातही सेंद्रिय धूळ असते, आणि परमँगनेट तिच्यावर खर्च होऊन आणखी डायऑक्साइड तयार करतो. हा तपकिरी गाळ परमँगनेटचं विघटन आणखी वाढवतो आणि उजेडाने त्यात भर पडते. म्हणून लिटरला सुमारे ३.२ ग्रॅम घेऊन द्रावण तासभर मंद उकळतात, रात्रभर ठेवतात आणि काचेच्या सच्छिद्र तबकडीतून गाळतात. गाळणकागद चालत नाही, कारण परमँगनेट कागदही खातो. मग गडद रंगाच्या बाटलीत भरतात. एवढं करूनही त्याची तीव्रता ठरवण्यासाठी दुसरा साक्षीदार लागतोच.

तो साक्षीदार म्हणजे सोडियम ऑक्झलेट. तो शुद्ध मिळतो, त्यात स्फटिकजल नसतं, हवेतला ओलावा धरत नाही, आणि १०५ ते ११० अंशांवर वाळवला की वजनावर विश्वास ठेवता येतो. समजा ०.२६८० ग्रॅम घेतला. रेणुभार १३४.०० असल्याने हे बरोबर २.००० मिलिमोल झाले. दोन परमँगनेट पाच ऑक्झलेटना पुरतात, म्हणजे इथे ०.८००० मिलिमोल परमँगनेट लागणार. ब्यूरेटने ३९.६० मिलिलिटर दाखवले. ऑक्झलेट न घालता तेवढ्याच आम्लाला गुलाबी करायला ०.०५ लागले, ते वजा केले तर ३९.५५ उरतात. ०.८००० भागिले ३९.५५, म्हणजे ०.०२०२३ मोलार.

हिशेब सोपा, फसवतं ते पात्रातलं वर्तन. ऑक्झलेटशी परमँगनेटचं थंडपणी जुळत नाही. म्हणून सल्फ्युरिक आम्लातलं द्रावण ६० ते ८० अंशांपर्यंत तापवतात. उकळू देत नाहीत, कारण फार तापलं तर ऑक्झॅलिक आम्लच फुटू लागतं. तरीही पहिला थेंब गुलाबी होऊन तसाच रेंगाळतो. नवखा विद्यार्थी इथेच "झालं!" म्हणतो. खरं तर क्रिया Mn²⁺ च्या मदतीने वेग घेते आणि तो अजून तयारच झालेला नसतो. पहिला थेंब विरेपर्यंत धीर धरला की पुढचे थेंब पडता पडता नाहीसे होतात. उलट घाई करून भराभर ओतलं किंवा आम्ल कमी पडलं, तर द्रावण तपकिरी गढूळ होतं. तो मँगनीज डायऑक्साइड दिसला तर आकडा दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये, पात्र रिकामं करून नवं वजन घ्यावं. ब्यूरेटही वरच्या कडेवरून वाचावी, कारण गडद द्रावणात खालची वळलेली कड दिसत नाही.

तीव्रता कळली, आता लोह. पिकं पिवळी पडली की शेतकरी आणतात तो हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घेऊ. पोतं उघडं राहिलं तर हिरवे खडे बाहेरून गंजाच्या रंगाचे होतात, कारण फेरस लोह हवेने फेरिक होतं. परमँगनेट फक्त फेरस मोजतो. ०.५५०० ग्रॅम नमुना पातळ सल्फ्युरिक आम्लात विरघळवला. हे टायट्रेशन मात्र थंडच करायचं, तापवलं तर हवाच लोह खाते. तयार होणाऱ्या फेरिकचा पिवळेपणा गुलाबी झाकेला गढूळ करतो, म्हणून थोडं फॉस्फोरिक आम्ल घालतात; ते फेरिकला बांधून रंगहीन करतं. लागले १८.४२ मिलिलिटर. त्याला ०.०२०२३ ने आणि पाचाने गुणलं की १.८६३ मिलिमोल लोह, म्हणजे सुमारे ५१८ मिलिग्रॅम हिराकस. नमुना ९४.२ टक्के निघाला. उरलेलं गंज की ओल, हे परमँगनेट सांगत नाही. स्फटिकजल उडालेला जुना खडा तर शंभर टक्क्यांच्या वरही दाखवू शकतो.

आम्ल सल्फ्युरिकच का, हेही यातूनच उलगडतं. नायट्रिक आम्ल स्वतःच लोहाचं ऑक्सिडीकरण करतं. हायड्रोक्लोरिक घातलं तर लोहाबरोबर क्लोराइडही परमँगनेट खातं, क्लोरीनचा वास येतो आणि आकडा फुगतो. लोहाच्या औषधी गोळ्यांतही हीच अडचण असते. त्यांतली साखर परमँगनेट खाऊन टाकते. म्हणून तिथे सेरिक अमोनियम सल्फेट वापरतात. त्याचा पिवळा रंग मात्र एका थेंबात कळण्याइतका गडद नसतो, आणि म्हणून त्या टायट्रेशनला दर्शक घालावाच लागतो.