कशाचं बटण आहे हे?

दोघा भावांच्या फोनवर बँकेचं एकच ॲप आहे, आवृत्तीही तीच. तरी थोरल्याला पैसे पाठवायची नवी स्क्रीन दिसते आणि धाकट्याला जुनीच. थोरला म्हणतो, तू अपडेट केलं नसशील. धाकट्यानं ते केलेलं असतं. खरं तर नवी स्क्रीन दोघांच्याही फोनवर येऊन पोचलेली असते, फक्त धाकट्यासाठी ती बंद ठेवलेली असते. ही बंद-चालूची सोय म्हणजे फीचर फ्लॅग.

कोडमध्ये तो इतका साधा दिसतो:

```
if (flagOn("new_transfer", customerId)) {
    showNewScreen();
} else {
    showOldScreen();
}
```

ही सोय का लागते? नवी स्क्रीन बनवायला समजा तीन महिने लागणार आहेत. ते काम बाजूला ठेवून करत राहिलं, तर तेवढ्यात बाकीच्या मंडळींनी मूळ कोड पार बदललेला असतो. शेवटी दोन्ही जोडताना आठवडाभर नुसती मारामारी. त्यापेक्षा रोजचं अर्धवट काम रोज मूळ कोडमध्ये मिसळायचं आणि थेट ग्राहकांच्या सर्व्हरवर जाऊ द्यायचं. फ्लॅग बंद असल्यामुळे ते कोणाला दिसत नाही. फोटोंची साइट असलेल्या फ्लिकरच्या इंजिनिअरांनी 2009 मध्ये आपली ही पद्धत जाहीरपणे सांगितली आणि ती पुष्कळ ठिकाणी उचलली गेली.

काम पुरं झालं की फ्लॅग आधी फक्त बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठी उघडतात, मग शंभरातल्या एका ग्राहकासाठी, मग दहांसाठी. हा एक जण चिठ्ठ्या टाकून निवडत नाहीत. ग्राहक क्रमांक आणि फ्लॅगचं नाव एकत्र करून त्यावर ठरावीक गणित चालवलं की 0 ते 99 मधला एक आकडा मिळतो. दहा टक्क्यांना दाखवायचं असेल तर 0 ते 9 आकडेवाल्यांना नवी स्क्रीन मिळते. गणित तेच असल्यामुळे एका माणसाचा आकडा बदलत नाही. सकाळी नवी आणि संध्याकाळी जुनी स्क्रीन असा खेळ होत नाही. प्रत्येक पायरीवर फसलेल्या व्यवहारांचं प्रमाण पाहतात आणि ते वाढलं तर फ्लॅग बंद. नवा कोड सर्व्हरवरून उतरवण्याची धावपळ करावी लागत नाही.

मात्र फ्लॅग बंद केल्यानं कोड मागे जातो, लिहिलेली माहिती मागे जात नाही. नव्या स्क्रीननं दिवसभरात हजार व्यवहार नव्या पद्धतीनं नोंदवले असतील, तर रात्री जुन्या कोडला ते वाचता यायला हवेत. ही तयारी आधीच केली नसेल, तर बंद करणंच महागात पडतं.

आणि फ्लॅग शंभर टक्क्यांवर गेला की खरी पंचाईत सुरू होते. काम संपलं, सगळे पुढच्या कामाला लागले, फ्लॅग आणि त्याच्या आडची जुनी वाट मात्र कोडमध्ये तशीच. जुन्या घराच्या स्विचबोर्डवर एखादं बटण असतं ना, कशाचं ते कोणालाच ठाऊक नसतं आणि म्हणून कोणी हातही लावत नाही, तशातला हा प्रकार. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात एकदा असंच बटण दाबलं गेलं.

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर दलालीतली बडी कंपनी. ग्राहकांच्या मोठ्या ऑर्डरींचे तुकडे करून ते बाजारात पाठवणारी तिची एक संगणकप्रणाली होती. तिच्यात 'पॉवर पेग' नावाची सोय होती. ती वापरणं कंपनीनं 2003 मध्ये थांबवलं, पण कोड काढला नाही. मूळची ऑर्डर पुरी झाली की पॉवर पेगनं थांबावं, यासाठी आतापर्यंत किती शेअर झाले याची मोजणी ठेवली जायची. 2005 मध्ये ही मोजणी कोडमध्ये दुसरीकडे हलवली गेली. त्यानंतर पॉवर पेग नीट थांबतो का, हे कोणी तपासलं नाही. वापरातच नसलेली गोष्ट कशाला तपासायची!

2012 मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना आणत होतं. नाइटनं त्यासाठी नवा कोड लिहिला आणि तो चालू करायला पॉवर पेगचा जुनाच फ्लॅग वापरला. नव्या कोडनं जुन्याची जागा घ्यायची होती. सर्व्हर होते आठ. सातांवर नवा कोड चढला, आठव्यावर चढवायचा राहून गेला. दुसऱ्या कोणी ते पडताळून पाहावं असा लेखी नियमच नव्हता.

1 ऑगस्ट 2012 ला सकाळी साडेनऊला बाजार उघडला. फ्लॅग लावलेल्या ऑर्डरी आल्या. सात सर्व्हरांना त्याचा नवा अर्थ माहीत होता. आठव्याच्या लेखी तो अजून पॉवर पेगचाच होता. मोजणी जागेवर नसल्यामुळे ऑर्डर पुरी झाल्याचं त्याला कळेना आणि तो तुकडे पाठवतच सुटला. ग्राहकांच्या अवघ्या 212 ऑर्डरी, त्यांच्यापोटी पाऊण तासात सुमारे 40 लाख सौदे. कंपनीला 46 कोटी डॉलरहून अधिक फटका बसला.

याहून चुटपुट लावणाऱ्या गोष्टी दोन. बाजार उघडण्याआधी प्रणालीनं कर्मचाऱ्यांना आपोआप 97 ईमेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचं नाव होतं. पण ते धोक्याचा इशारा म्हणून बनवलेलेच नव्हते, त्यामुळे कोणी त्यावर हालचाल केली नाही. दुसरी गोष्ट, गोंधळ उडाल्यावर नव्या कोडवर संशय घेऊन तो उरलेल्या सात सर्व्हरांवरून काढला गेला. मग तिथलाही पॉवर पेग जागा झाला.

माझ्या मते आठवा सर्व्हर विसरणं ही यातली लहान चूक. विसरणं होणारच. नऊ वर्षं पडून राहिलेला कोड आणि दुसऱ्यांदा वापरलेलं बटण नसतं, तर त्या विसरण्यानं एका सर्व्हरवर नवी योजना चालली नसती, एवढंच झालं असतं.

म्हणून फ्लॅग बनवतानाच त्याचा मालक कोण आणि तो कधी काढायचा, हे लिहून ठेवतात. काही ठिकाणी ती तारीख उलटली की चाचणीच नापास होते आणि काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकदा वापरलेलं नाव पुन्हा वापरत नाहीत. मात्र अडचणीच्या वेळी एखादी सेवा तात्पुरती थांबवण्यासाठी ठेवलेले फ्लॅग कायम राहायचेच असतात. त्यांची यादी वेगळी लागते, नाहीतर साफसफाईत तेच उडायचे.

काढण्याचा क्रमही महत्त्वाचा. फ्लॅगच्या यादीतून नाव आधी पुसलं आणि कोड तसाच राहिला, तर कोड विचारतो, 'चालू आहे का?' उत्तर मिळत नाही, तो 'बंद' धरतो आणि वर्षभरापूर्वीची स्क्रीन लाखो ग्राहकांसमोर अचानक हजर होते. त्यामुळे आधी कोडमधली अट आणि `else` मधली जुनी वाट काढायची, फक्त त्या वाटेसाठी असलेल्या चाचण्याही काढायच्या. मग हा कोड प्रत्येक सर्व्हरवर पोचला का ते बघायचं. मोबाइल ॲप असेल तर जुन्या आवृत्त्या फोनवर महिनोन्‌महिने असतात, तेवढं थांबावं लागतं. त्या फ्लॅगची विचारणा शून्यावर आली की मगच नाव पुसायचं.

हे कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते मागे पडतं. उबर कंपनीनं त्यासाठी 'पिरान्हा' नावाचं साधन बनवलं आणि 2020 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. ते मेलेल्या फ्लॅगचा कोड स्वतः कापतं, पण झालेला बदल त्या फ्लॅगच्या मालकाकडे मंजुरीला पाठवतं. त्यानं तो तपासून होकार दिल्याशिवाय कोड जात नाही.