सुब्रत मित्र यांच्या प्रकाशाचा माग

चित्रपट शोधताना बहुतेक प्रेक्षक दिग्दर्शकाचे किंवा नटांचे नाव पाहतात. मात्र देखणे चित्रपट हवे असतील, तर एखाद्या छायालेखकाचे काम क्रमाने पाहत जाणे अधिक उपयोगी ठरते. सुब्रत मित्र हे त्याचे चांगले उदाहरण.

सत्यजित रे यांचा ‘पथेर पांचाली’ (1955) हा मित्र यांचा पहिला चित्रपट. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा ते जेमतेम 21 वर्षांचे होते आणि त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधी हाताळला नव्हता. त्याआधी बंगालमध्ये झाँ रन्वार यांच्या ‘द रिव्हर’चे चित्रीकरण चालू असताना त्यांनी तिथली प्रकाशयोजना बारकाईने न्याहाळली होती.

खरा शोध ‘अपराजितो’मध्ये (1956) लागला. बनारसच्या घराचे अंगण पावसाच्या धास्तीने कोलकात्याच्या स्टुडिओत उभारले गेले. खऱ्या अंगणात उजेड वरच्या मोकळ्या आभाळातून पसरून येतो आणि सावल्या पुसट पडतात. स्टुडिओतले दिवे थेट रोखले, तर प्रत्येक दिव्याची वेगळी, कडक सावली उमटते आणि सेटचे बिंग फुटते. म्हणून मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले, दिवे खाली ठेवून त्यांचा झोत वर कापडावर सोडला. तिथून परतलेला मऊ उजेड खाली पसरला. हीच ‘बाउन्स लायटिंग’ची पद्धत. ती ओळखायची तर पात्राच्या नाकाखालची आणि मागच्या भिंतीवरची सावली पाहावी. तिची कड विरघळलेली असते आणि एका माणसाच्या दोन-तीन सावल्या दिसत नाहीत.

यानंतर ‘चारुलता’ (1964) पाहिला की बंद, सजवलेल्या घरातही हाच उजेड दिसतो. मात्र इथे एक सावधगिरी हवी. या चित्रपटापासून रे स्वतः कॅमेरा चालवू लागले होते, त्यामुळे त्यातल्या कॅमेऱ्याच्या हालचालींचे श्रेय मित्र यांना देता येत नाही.

छायालेखकाचा स्वतःचा हात पारखायला दिग्दर्शक बदललेले चित्रपट उपयोगी पडतात. रे यांच्याबरोबरचा शेवटचा ‘नायक’ आणि बासू भट्टाचार्य यांचा ‘तीसरी कसम’ हे दोन्ही 1966 चे. एक रेल्वेच्या डब्यात, दुसरा बैलगाडीत घडतो. दोन्ही पाठोपाठ पाहिल्यावर जे साम्य उरते, ते बरेचसे मित्र यांचे. पुढे ‘न्यू दिल्ली टाइम्स’साठी (1986) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या अभ्यासात प्रत चांगली असणे फार महत्त्वाचे. कृष्णधवल चित्रपटाच्या खराब प्रतीत करड्या रंगाच्या छटा नाहीशा होतात, चेहरे पांढरे आणि कोपरे काळे ठिक्कर दिसतात. सावलीची विरघळलेली कड अशा प्रतीत दिसतच नाही. अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हना 1993 मध्ये लंडनमधल्या आगीची झळ बसली होती. 2015 मध्ये आलेल्या त्यांच्या दुरुस्त प्रतींपासून सुरुवात करणे म्हणूनच योग्य.