जेवणाआधीचं अर्धा लिटर पाणी

जालन्याच्या मोतीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांत वजनाचा विषय निघाला की पाण्याचा निघतोच. कुणी उठल्या उठल्या दोन तांबे गरम पाणी पितं, कुणी त्यात लिंबू-मध टाकतं. जेवताना पाण्याला हातही न लावणारे आहेत आणि आधी तांब्याभर पाणी पिऊन मगच ताटावर बसणारेही आहेत. यातल्या शेवटच्या सवयीच्या मागे खरोखर मोजून पाहिलेला आधार आहे. तो आधार लहान आहे, काही अटींसह आहे, आणि लोक सांगतात त्या कारणानं तर मुळीच नाही.

कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानात, जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो आणि आधी पिणारा कृश होतो असं सांगितलं आहे. हे निरीक्षण आजच्या पद्धतीनं तपासायचं तर सारख्या वजनाच्या माणसांचे दोन गट करावे लागतात, एकाला पाणी द्यावं लागतं, दुसऱ्याला नाही, आणि काही आठवड्यांनी दोघांना काट्यावर उभं करावं लागतं. गेल्या वीसेक वर्षांत असे काही प्रयोग झाले.

त्यातला सगळ्यात उपयोगी प्रयोग अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. ५५ ते ७५ वयाच्या, वजन जास्त असलेल्या ४८ जणांना १२ आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला. निम्म्यांनी तिन्ही जेवणांआधी ५०० मिलिलिटर पाणी प्यायलं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, पाणी पिणाऱ्यांचं सुमारे २ किलो जास्त उतरलं. पुढे इंग्लंडमध्ये ८४ जणांवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. तिथे पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी प्यायचं होतं, आणि दुसऱ्या गटाला जेवणाआधी पोट भरलं आहे अशी नुसती कल्पना करायला सांगितली होती. १२ आठवड्यांनंतर दोन गटांतला फरक साधारण १.३ किलो निघाला.

आपल्या महाराष्ट्रातही, नागपुरात, दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी ५० तरुण मुलींना ८ आठवडे रोजच्या पाण्याव्यतिरिक्त तीन वेळा अर्धा-अर्धा लिटर पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी प्यायला लावलं होतं. २०१३ साली तो अभ्यास छापून आला. मुलींचं वजन सरासरी दीड किलोच्या आसपास उतरलं. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘भारतीय संशोधनानं सिद्ध झालं’ या वाक्यामागे बहुतेक वेळा हाच अभ्यास असतो. पण त्यात पाणी न पिणाऱ्या मुलींचा तुलनेचा गट नव्हता. आपलं वजन कुणीतरी मोजणार आहे हे कळल्यावर माणूस आपसूक दोन घास कमी खातो, गोड टाळतो, थोडं जास्त चालतो. उतरलेल्या दीड किलोतलं पाण्यामुळे किती आणि या सावधपणामुळे किती, हे तुलनेच्या गटाशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे हा अभ्यास पुढच्या शोधाला वाट दाखवतो, पण त्याला सिद्धता म्हणता येणार नाही.

आता मुख्य गैरसमजाकडे येऊ. पाण्यानं चरबी जळते, विशेषतः थंड पाण्यानं, कारण ते गरम करायला शरीराला ऊर्जा लागते, असं छातीठोक सांगितलं जातं. याचा हिशोब घरी बसून करता येतो. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते. फ्रिजमधलं ५ अंशांचं अर्धा लिटर पाणी शरीराच्या ३७ अंशांवर आणायला १६ किलोकॅलरी लागतील. माठातलं २५ अंशांचं असेल तर ६. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण १७० किलोकॅलरी असतात. म्हणजे तीन वेळा बर्फगार पाणी प्यायलं तरी पाव भाकरीच्या वर थोडीशीच ऊर्जा खर्ची पडणार, तीही कागदावर. एप्रिल-मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा शरीर उष्णता बाहेर टाकण्याच्या खटपटीत असतं. अशा वेळी पोटात गेलेलं गार पाणी त्या नको असलेल्या उष्णतेवरच तापतं, त्यासाठी वेगळी चरबी जाळावी लागत नाही.

या समजुतीला बळ मिळालं ते बर्लिनच्या २००३ सालच्या एका अभ्यासानं. अर्धा लिटर पाण्यानंतर चयापचयाचा वेग ३० टक्क्यांनी वाढतो असं त्यात आढळलं होतं. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तीच मोजणी पुन्हा केली तेव्हा साध्या तापमानाच्या पाण्यानं वेग वाढलाच नाही, अगदी थंड पाण्यानं जेमतेम साडेचार टक्के वाढला. पहिला आकडा अजून सगळीकडे फिरतो, दुसरा फारसा कुणी सांगत नाही.

गरम पाण्याची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. कढत पाण्यानं खरकट्या भांड्यावरचं तूप सुटतं, तशी पोटावरची चरबी सुटेल असं मनात बसलेलं असतं. पण पोटावरची चरबी पेशींच्या आत असते, अन्ननलिकेतून जाणारं पाणी तिला शिवतही नाही, आणि प्यायलेलं पाणी काही मिनिटांत शरीराच्या तापमानाला येतं. शौचाला साफ होण्यासाठी कुणाला सकाळच्या गरम पाण्याचा उपयोग होत असेल तर जरूर प्यावं. मधाचा चमचा मात्र उष्मांक वाढवतोच, कमी करत नाही.

मग जेवणाआधीच्या पाण्यानं वजन उतरतं ते कशानं? पोट ताणलं जातं आणि त्या ताणाचा निरोप मेंदूकडे जातो, म्हणून माणूस थोडं कमी खातो. वजन जास्त असलेल्या प्रौढांनी नाश्त्याच्या अर्धा तास आधी ५०० मिलिलिटर पाणी प्यायलं तेव्हा त्यांचं खाणं सुमारे १३ टक्क्यांनी कमी भरलं, हे २००८ सालच्या एका चाचणीत दिसलं. पण निव्वळ पाणी पोटात फार वेळ थांबत नाही. त्यातला मोठा भाग पंधरा-वीस मिनिटांत पुढे आतड्यात सरकतो. तरुण पोटात हा निचरा लवकर होतो, वय वाढतं तसा बऱ्याच जणांत तो मंदावतो. बहुधा म्हणूनच २००७ सालच्या एका अभ्यासात साठीपुढच्या लोकांचं खाणं पाण्यानं कमी झालं, पण २१ ते ३५ वयाच्या तरुणांचं झालं नाही.

समजा, जालन्यातले एक निवृत्त शिक्षक आहेत. वय ६२, वजन ८४ किलो. रात्रीच्या जेवणात दोन भाकऱ्या, भाजी, वरण, थोडा भात, मिळून सुमारे ६०० किलोकॅलरी. जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायल्यानं त्यांचं खाणं १३ टक्क्यांनी कमी झालं तर वाचल्या ७८ किलोकॅलरी, म्हणजे जवळपास अर्धी भाकरी. दिवसाच्या दोन जेवणांत मिळून एक भाकरी कमी. हे थोडं नाही, रोज टिकलं तर काट्यावर दिसतं. पण त्यांच्या दिवसात पाच वेळा चहा आहे, कपात दोन चमचे साखर. दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम, ४० किलोकॅलरी. पाच कपांची नुसती साखर झाली २०० किलोकॅलरींची. पाण्यानं एक भाकरी कमी केली आणि चहातून तिच्याहून जास्त पोटात गेलं.

म्हणूनच वजनासाठी पाण्याचा सगळ्यात भक्कम उपयोग मला वेगळाच वाटतो. ते गोड पेयाच्या जागी येतं तेव्हा खरं काम करतं. उन्हाळ्यात रसवंतीवरचा ग्लास, थंड पेयाची बाटली, पाहुण्यांबरोबरचा तिसरा चहा, यातलं काहीतरी काढून तिथे पाणी आलं तर वाचलेला प्रत्येक उष्मांक पक्का असतो, मग वय तरुण असो की उतार. आपल्या जिल्ह्याच्या मोसंबीबद्दलही हेच सांगावंसं वाटतं. फोडी चावून खाल्ल्या तर एका-दोन फळांत माणूस थांबतो. रस काढला की तीन-चार फळांची साखर चोथ्यावाचून दोन मिनिटांत पोटात जाते. वजन उतरवण्यासाठी मोसंबीचा रस पिणं हे म्हणूनच उलट्या दिशेचं काम आहे.

पाणी अन्नात मिसळलेलं असलं की ते पोटात जास्त वेळ टिकतं, हेही फारसं सांगितलं जात नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बार्बरा रोल्स यांनी १९९९ साली एकाच पदार्थाचे प्रयोग केले. एकदा तो कोरडा दिला, एकदा त्याच्याबरोबर पेलाभर पाणी दिलं, एकदा तेवढंच पाणी त्यात घालून त्याचं सूप केलं. सूप घेतल्यावरच पुढचं जेवण लक्षात येण्याइतकं कमी झालं, शेजारी ठेवलेल्या पाण्यानं काही फरक पडला नाही. आपल्या स्वयंपाकात याची सोय आधीपासून आहे. कमी तेलाची पातळ आमटी किंवा वाटीभर पातळ वरण जेवणाच्या सुरुवातीला घेतलं तर ते नुसत्या पाण्यापेक्षा जास्त वेळ साथ देतं.

‘जेवणानंतर पाणी म्हणजे विष’ हा धाकही सोडून द्यायला हवा. पाण्यानं जठररस पातळ होऊन अन्न सडतं, असं त्यामागचं म्हणणं असतं. जठर आम्लाचं प्रमाण सतत जुळवून घेत असतं आणि जास्तीचं पाणी लवकर पुढे ढकलतं. कोरड्या भाकरीचा घास उतरायला घोटभर पाणी लागलं तर जरूर घ्यावं. छातीत जळजळ होणाऱ्यांनी भरल्या पोटावर भरपूर पाणी टाळावं, कारण ताणलेल्या जठरातून आम्ल वर येतं. बोअरच्या जड पाण्यानं वजन वाढतं ही समजूतही चुकीची आहे, क्षारांत उष्मांक नसतात.

करून पाहायचं असेल त्यांनी चाळिशीपुढे, आहार थोडा आवरलेला असताना, दोन मुख्य जेवणांच्या अर्धा तास आधी ४०० ते ५०० मिलिलिटर साधं पाणी प्यावं. रात्रीचं जेवण उशिरा असेल तर कमी प्यावं, नाहीतर लघवीसाठी झोपमोड होते. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काहीही पिण्याआधी मोजावं. अर्धा लिटर पाणी पिऊन काट्यावर उभं राहिलं तर काटा अर्धा किलो जास्तच दाखवणार, आणि उन्हात काम करून घामानं उतरलेला किलो चरबीचा नसतो. दोन-तीन महिन्यांत किलो-दीड किलोचा फरक पडला तर पाण्यानं आपलं काम केलं. महिन्याला पाच किलोचं आश्वासन देणाऱ्या पाण्याच्या उपायावर विश्वास ठेवू नये.

हृदय कमकुवत असलेल्यांना, मूत्रपिंडाच्या रुग्णांना आणि डायलिसिसवर असलेल्यांना डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी मोजून दिलेलं असतं. त्यांनी हा प्रयोग करू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांमध्ये जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरू शकतं. डोकं दुखणं, मळमळ, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसतात. निरोगी मूत्रपिंडही तासाला साधारण एक लिटरच्या वर पाणी बाहेर टाकू शकत नाही. म्हणून दोन-तीन लिटर एका दमात पिण्याची पैज कुणीही लावू नये, आणि वरची लक्षणं दिसली तर आणखी पाणी न पाजता रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावं.